या चुका टाळा: व्हायटल साइन्सचा चार्ट वाचताना

नर्सिंग स्किल्सच्या हँडआउटमध्ये बहुतेक वेळा एक भरलेला चार्ट असतो आणि खाली प्रश्न असतो: कोणत्या नोंदींकडे लक्ष द्यायला हवं, आणि का? पुढचा चार्ट सरावासाठी तयार केला आहे. पोटाची शस्त्रक्रिया होऊन एक दिवस झालेला प्रौढ पेशंट आहे, शुद्धीवर आहे, नीट बोलतो आहे.

| वेळ | तापमान (°से.) | पल्स | श्वसन | बीपी | एसपीओटू |
|---|---|---|---|---|---|
| सकाळी 6 | 37.0 | 84 | 16 | 128/78 | 98, ऑक्सिजनशिवाय |
| सकाळी 10 | 37.2 | 96 | 20 | 122/80 | 97, ऑक्सिजनशिवाय |
| दुपारी 2 | 37.2 | 108 | 24 | 112/84 | 95, 2 लिटर ऑक्सिजनवर |

विद्यार्थी बहुधा दुपारी दोनची ओळ घेतात आणि एकेक आकडा नॉर्मलच्या तक्त्याशी ताडून बघतात. ताप नाही, बीपी ठीक, एसपीओटू 95 म्हणजे चालेल, पल्स जरा जास्त, कदाचित दुखत असेल. उत्तर लिहिलं जातं: ‘पेशंट स्टेबल.’ हे उत्तर चुकलेलं आहे.

पहिली चूक इथेच होते: चार्ट आडवा वाचला, उभा वाचलाच नाही. पल्सचा रकाना वरून खाली वाचा. 84, 96, 108. आठ तासांत चोवीसने वाढ. श्वसन 16 वरून 24. बीपीचा वरचा आकडा उतरतोय आणि खालचा चढतोय. दोन्हींमधला फरक, म्हणजे पल्स प्रेशर, सकाळी 50 होतं, मग 42, आता 28. शरीरातलं रक्त कमी होऊ लागलं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून वरचा आकडा घसरतो. शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवू पाहतं, म्हणून खालचा वाढतो. एरवी निरोगी असलेल्या प्रौढात साधारण 30 टक्के रक्त जाईपर्यंत बीपी जवळपास नॉर्मल दिसू शकतं. त्यामुळे अशा पेशंटमध्ये बीपी पडण्याची वाट पाहणं म्हणजे उशीर करणं. आतून रक्तस्राव होतोय का, ही शंका इथे सर्वात आधी यायला हवी.

दुसरी चूक 95 या आकड्याची. तो 2 लिटर ऑक्सिजन देऊन आलेला आहे, सकाळचा 98 ऑक्सिजनशिवाय होता. दोन्हींची थेट तुलना होत नाही. एसपीओटूच्या शेजारी ऑक्सिजन किती चालू आहे हे लिहिलं नसेल, तर तो आकडा अर्धवट समजा.

एनईडब्ल्यूएस-2 या स्कोअरने हाच चार्ट मोजून बघा. सकाळी 6 वाजता शून्य. 10 वाजता पल्सचा 1. दुपारी 2 वाजता श्वसनाचे 2, एसपीओटूचा 1, ऑक्सिजन चालू असल्याचे 2, पल्सचा 1, एकूण 6. पाच किंवा अधिक झाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन पेशंट बघायला हवा आणि नोंदी किमान तासाला एकदा व्हायला हव्यात. ‘नॉर्मल’ वाटलेल्या बीपीचा या सहात एकही गुण नाही, हे मुद्दाम पाहून ठेवा. स्कोअरलाही मर्यादा आहेत. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या पेशंटची पल्स रक्तस्रावातही फारशी वाढत नाही, त्यामुळे त्याचा स्कोअर कमी येऊ शकतो. म्हणून चालू औषधं बघितल्याशिवाय पल्सवर विसंबू नका.

श्वसनाबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण सर्वात दुर्लक्षित रकाना हाच. कित्येक चार्टवर सगळ्या पेशंटचं श्वसन 18 किंवा 20 लिहिलेलं दिसतं, सकाळ-संध्याकाळ तेच. असा रकाना दिसला तर तो मोजलेला नसावा असं धरा आणि स्वतः मोजा. पल्स घेऊन झाली तरी बोटं मनगटावरच ठेवा, पेशंटला न सांगता छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. मोजतोय हे कळलं की माणूस नकळत श्वास बदलतो.

‘मॅडम, पल्स थोडी वाढलीय’ एवढंच सांगू नका. फोनवर असं सांगा: ‘सर, काल पोटाची शस्त्रक्रिया झालेला पेशंट आहे. सकाळी सहापासून पल्स 84 वरून 108, श्वसन 16 वरून 24. बीपी 128/78 होतं, आता 112/84. 2 लिटर ऑक्सिजनवर एसपीओटू 95. स्कोअर 6 आहे. रक्तस्रावाची शंका वाटते, तुम्ही लगेच येऊन बघावं.’ फोन करण्याआधी ड्रेनमध्ये किती आणि कोणत्या रंगाचं आलंय, ड्रेसिंग भिजलंय का, लघवी किती झाली आणि हातपाय गार आहेत का, एवढं झटकन बघून घ्या, हे प्रश्न येणारच. मात्र त्यासाठी फोन लांबवू नका. कोणाला, किती वाजता कळवलं हे चार्टवर लिहा, आणि वेळेत कोणी आलं नाही तर वरिष्ठांना फोन लावा.