आल्याच्या गादीवाफ्यावर ठिबक: ड्रिपरचे अंतर आणि चालवायची वेळ जमिनीवरून कशी ठरवायची

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे आल्याच्या लागणीची घाई. कोरेगाव, सातारा, कऱ्हाड भागात गाद्या ओढून झाल्या की पुढची धाव दुकानाकडे, आणि दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘चाळीसची देऊ ना?’ म्हणजे 40 सेंटीमीटरवर ड्रिपर असलेली, ताशी 4 लिटरची इनलाइन नळी. उसाला ती चालते, म्हणून आल्यालाही तीच घेतली जाते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात तिने निभावते, पण गाद्या उतरून पाणी सरीत येते. माळावरच्या मुरमाड रानात तीच नळी दोन ड्रिपरच्या मध्ये कोरडा पट्टा सोडते आणि शेतकरी तो भिजवायला वेळ वाढवत बसतो. वेळ वाढवून मुरमाड जमिनीत पाणी फारसे बाजूला जात नाही, खाली मात्र जाते.

म्हणून नळी विकत घेण्यापूर्वी एक सकाळ मोडा आणि आपल्याच गादीवर पाणी किती पसरते ते मोजा. शेजाऱ्याकडून चार-पाच ड्रिपर असलेला नळीचा तुकडा मागून आणा. तयार गादीच्या मधोमध तो अंथरा आणि पाइपला जोडून नेहमीच्या दाबावर, म्हणजे साधारण 1 किलोवर, चालवा. एका ड्रिपरखाली भांडे ठेवून 6 मिनिटे पाणी धरा. ताशी 2 लिटरचा ड्रिपर 6 मिनिटांत 200 मिली देतो. आकडा फार कमी-जास्त आला तर पुढचा सगळा हिशेब चुकेल, म्हणून हे आधी.

काळ्या जमिनीत दोन तास चालवा, हलक्या जमिनीत तास पुरे. बंद केल्यावर लगेच खणू नका. पाणी जमिनीत मुरून थांबायला हलक्या रानात चार-पाच तास लागतात, भारी रानात दुसरी सकाळ उजाडावी लागते. मग ड्रिपरच्या बरोबर खाली गादी आडवी कापा, दीड फूट खोल, आणि कापलेल्या भिंतीवर ओल कुठे संपते तिथे खुरप्याने रेघ ओढा. रुंदी मोजायची ती पृष्ठभागावरच्या ओल्या डागाची नाही, अर्धा फूट खालची. वरचा डाग दोन्हीकडे फसवतो. मुरमाडात वर तो बशीएवढा दिसतो आणि खाली ओल त्याहून रुंद असते. काळीत पाणी साचून तो परातीएवढा होतो, पण कडेला ओल दोन बोटेसुद्धा खोल नसते.

ड्रिपरमधील अंतर या रुंदीच्या सुमारे 80 टक्के असावे, म्हणजे ओलीचे गोळे एकमेकांत मिसळून सलग पट्टा तयार होतो. नदीकाठच्या काळ्या रानात ही रुंदी 65 सेंटीमीटर निघाली असे धरा. त्याचे 80 टक्के 52, म्हणजे 50 सेंटीमीटरची नळीही चालेल. तरी मी 40 चीच घेईन, कारण आले आठ-नऊ महिने रानात राहते आणि मध्येच एखादा ड्रिपर चोंदला तर दोन्हीकडच्यांनी त्याची जागा बरीचशी भिजवली पाहिजे. मात्र प्रवाह ताशी 4 लिटर नको, 2 घ्या. भारी जमीन पाणी सावकाश पिते. तिला चार लिटरने पाजले की वर तळे होते आणि ते गादीच्या उतारावरून सरीत घसरते.

माळावरच्या रानात रुंदी 45 च्या आसपास आली, तर 80 टक्के 36 होतात. इथे 40 ची नळी म्हणजे दोन ड्रिपरच्या मध्ये ओलीची कंबर आवळलेली. 30 ची घ्यावी लागेल.

आता वेळ. इथे बहुतेकांचा हिशेब ‘एकराला किती पाणी’ असा सुरू होतो. त्याआधी विचारायचे ते हे, की ओला पट्टा एका वेळी किती पाणी धरतो. तो पट्टा म्हणजे पिकाची टाकी. टाकी भरल्यावर नळ सुरू ठेवला तर पाणी मुळांच्या खाली उतरते आणि सोबत युरियाही नेते.

आल्याची खाती मुळे बहुतेक वरच्या फुटभरात असतात, म्हणून खोली 30 सेंटीमीटर धरू. काळ्या रानात पट्टा 60 सेंटीमीटर रुंद धरला, तर नळीच्या एक मीटर लांबीमागे 180 लिटर माती भिजते. भारी जमिनीत पिकाला मिळू शकणारे पाणी मातीच्या आकारमानाच्या साधारण 18 टक्के, म्हणजे 32 लिटर. ते सगळे संपेपर्यंत थांबायचे नसते. आल्यासारख्या नाजूक मुळांच्या पिकाला तीसेक टक्के उतरले की पुन्हा द्यावे. म्हणजे एका वेळी भरून काढायचे पाणी झाले सुमारे साडेनऊ लिटर.

मुरमाड रानात पट्टा 45 चा, म्हणून माती 135 लिटर. पण त्यात दगडगोटे किती आहेत? एक बादली माती चाळा आणि चाळणीवर उरलेला खडा पुन्हा त्याच बादलीत ओता. बादली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरली तर 30 टक्के वजा करा, कारण खड्यात पाणी जवळजवळ राहत नाही. उरली 95 लिटर माती. हलक्या मातीत उपलब्ध पाणी साधारण 10 टक्के, साडेनऊ लिटर. त्याचे 30 टक्के म्हणजे पावणेतीन लिटर. रान बदलले, आणि त्याच एका मीटर नळीमागची टाकी तिपटीहून लहान झाली.

रोजची गरज दोन्ही रानांत जवळपास सारखीच असते, ती हवामानावर ठरते. मेमध्ये आपल्याकडे बाष्पीभवन दिवसाला 8 ते 10 मिलिमीटर. 9 धरा. त्याला बाष्पीभवन पात्राचा गुणांक 0.7 आणि कोवळ्या पिकाचा 0.5 लावला की 3.2 मिलिमीटर येतात. गाद्या साडेचार फुटांवर, म्हणजे 1.35 मीटरवर असतील, तर नळीच्या एका मीटरमागे 4.3 लिटर होतात, आणि ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरून पावणेपाच लिटरच्या जवळ.

काळ्या रानात टाकी साडेनऊची आणि रोजचा खर्च पावणेपाचचा, म्हणजे एक दिवसाआड पाणी. 40 सेंटीमीटरवर ताशी 2 लिटर म्हणजे एका मीटरला ताशी 5 लिटर, तेव्हा दोन तासांना किंचित कमी. इथे रोज तासभर देण्याचा मोह टाळा. दोन पाण्यांमध्ये गादी वाफशावर आली पाहिजे. वरची माती कायम ओली राहिली की कंदाला हवा मिळत नाही आणि पावसाळ्यात येणाऱ्या कंदकुजीला वाट आधीच मोकळी होते. गादीवर हिरवे शेवाळ दिसू लागले तर वेळ जास्त होतोय हे नक्की.

मुरमाड रानात उलटे. रोजची गरज पावणेपाच, टाकी पावणेतीनची. 30 सेंटीमीटरवर ताशी 2 लिटरची नळी मीटरला ताशी 6.7 लिटर देते, म्हणजे दिवसाला 42 मिनिटे, पण एका दमात नाही. सकाळी 21, दुपारनंतर 21. हे कागदावर सोपे. रानात थ्री फेज लाइट आठ तास असते आणि तीही कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आठ तासांच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा द्यावे, टायमर लावून. तरीही मग दुपारचे ऊन पीक कोरड्या टाकीवर काढते.

म्हणून ज्यांच्या माळरानात खडा जास्त आहे त्यांनी गादीवर फुटाच्या अंतराने दोन नळ्या टाकायचा विचार करावा. खर्च वाढतो, ते खरे. पण दोन्ही पट्टे मिळून 75 सेंटीमीटर रुंदी भिजते, खडा वजा जाता 157 लिटर माती, आणि भरून काढायचे पाणी बरोबर पावणेपाच लिटरपर्यंत येते. म्हणजे दिवसाचे पाणी एकदाच 21 मिनिटांत देता येते. दुसरा फायदा ओळींचा. दोन ओळी फुटाच्या अंतरावर असतील तर एका नळीची 45 सेंटीमीटर ओल प्रत्येक ओळीच्या बाहेर जेमतेम 7 सेंटीमीटर पोचते. दुसरी नळी परवडत नसेल तर निदान ओळी 9 इंचांवर ओढून घ्या.

दोन नळ्यांना ताशी प्रवाह मात्र दुप्पट लागतो. एकराला साडेचार फुटांनी सुमारे 3,000 मीटर नळी बसते. 30 वर 2 लिटरची एक नळी तासाला 20,000 लिटर मागते, दोन नळ्या 40,000. मोटर तेवढे उचलत नसेल तर एकराचे दोन-तीन व्हॉल्व्ह करा, नाहीतर शेवटच्या गाद्यांना दाब पोचणार नाही आणि हिशेबातला 2 लिटर तिथे दीडवर येईल. इतक्या कमी वेळात नळ्या भरण्याची मिनिटेही महत्त्वाची ठरतात, तेव्हा घड्याळ लावायचे ते शेवटच्या गादीच्या शेवटच्या ड्रिपरमधून थेंब पडू लागल्यावर.

बरोबर चालले आहे का हे पाहायला लागणीनंतर दोन-तीन पाळ्या झाल्या की पुढचे पाणी देण्याच्या आधी एक खड्डा घ्या. अर्ध्या फुटावरची माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. मुरमाड मातीचा गोळा बोटाने हलकेच ढकलल्यावर फुटेल, तेवढे चालते. दीड फुटावर अर्ध्या फुटापेक्षा जास्त ओल लागली तर पाणी खाली जात आहे. तिथे दर पाळीचा वेळ कमी करा आणि गरज पडली तर पाळ्या वाढवा.

पीक वाढून रान झाकले की गुणांक 1 च्या जवळ जातो, पण तोवर बाष्पीभवन 5 मिलिमीटरवर उतरलेले असते, म्हणून ऑक्टोबरचा आकडाही मेच्या आसपासच येतो. बदलते ते टाकीचे माप. पावसाने गादी बसते आणि ओलीची रुंदी तीच राहत नाही. गणपतीनंतर उघडीप मिळाली की तोच खड्डा पुन्हा घेऊन वेळ नव्याने बसवा.

वाळवा-मिरज पट्ट्यात किंवा कऱ्हाडच्या खालच्या अंगाला क्षारपडीकडे झुकलेली जमीन असेल तर ओल्या पट्ट्याच्या कडेला पांढरी भुकटी जमते. ते क्षार पाण्याने मुळांपासून बाहेर लोटलेले असतात. वळवाची हलकी सर आली की ते परत मुळांकडे ओढले जातात, म्हणून अशा रानात सर पडत असतानाच ठिबक सुरू करा आणि गादी फुटभर ओली होईपर्यंत चालू ठेवा.