साईडवेज बाजारात गोल्डन क्रॉस नेमका चुकीच्या टोकाला का येतो

भावाची 50 दिवसांची सरासरी 200 दिवसांच्या सरासरीला खालून वर छेदून गेली की गोल्डन क्रॉस, म्हणजे खरेदीचा सिग्नल; वरून खाली गेली की डेथ क्रॉस, म्हणजे विक्रीचा. हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो आहे. सिग्नल उशिरा येतो हेही तुम्ही ऐकलं असेल. पण ‘थोडा उशीर होतो, चालायचंच’ असं म्हणून जो तो पुढे जातो आणि नवशिक्याचे पैसे नेमके तिथेच जातात. मला शिकवणाऱ्यांपैकी एकानेही हा उशीर कागदावर मांडून दाखवला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून इथे तेवढंच नीट मांडतो.

50 दिवसांची साधी सरासरी म्हणजे शेवटच्या 50 बंद भावांची सरासरी. त्या भावांचं सरासरी वय साधारण 25 दिवस असतं, म्हणजे ही रेषा तुम्हाला सुमारे पंचवीस सेशन जुना बाजार दाखवते. 200 ची रेषा दाखवते जवळपास शंभर सेशन जुना. बाजार दीड-दोन वर्षं एकाच दिशेने चालला तर पंचवीस सेशनचा उशीर सहज परवडतो, कारण पुढे बरीच वाट उरलेली असते. बाजार एका पट्ट्यात वरखाली करत असेल, तर चढाई मुळातच दोन-तीन महिन्यांची असते. तेवढ्यात सिग्नल येईपर्यंत ती संपत आलेली असते.

आता आकडे घेऊ. समजा भाव 90 ते 110 या पट्ट्यात साइन लाटेसारखा फिरतो आहे. तळापासून माथ्यापर्यंत 60 सेशन, माथ्यापासून तळापर्यंत 60 सेशन, आणि हे बराच काळ चाललंय. 200 ची रेषा 100 च्या आसपास जवळपास सपाट पडते, जेमतेम दीड-पावणेदोन अंक वरखाली होते. 50 ची रेषा मात्र साधारण 93 ते 107 अशी झुलते, पण भावाच्या मागून. हिशोब केला तर गोल्डन क्रॉस माथ्याच्या साधारण 9 सेशन आधी येतो आणि तेव्हा भाव असतो 109. डेथ क्रॉस तळाच्या साधारण 9 सेशन आधी येतो, भाव 91. म्हणजे नियम पाळून तुम्ही 109 ला घेतलं आणि 91 ला विकलं. सोळा टक्क्यांहून जास्त तोटा, तोही भाव पट्ट्याबाहेर गेलेला नसताना! मग 91 पासून 109 पर्यंतची चढाई तुम्ही बाहेर बसून बघता, आणि पुन्हा 109 ला आत शिरता.

हे दुर्दैव नाही, हा गणिताचा परिणाम आहे. लाट दुप्पट लांब असली, म्हणजे 120 सेशन वर आणि 120 खाली, तरी खरेदी साधारण 104.5 ला आणि विक्री 95.5 ला होते. तोटा कमी, पण तोटाच. एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये अशी लाट बनवा, शेजारी दोन सरासऱ्या काढा. तासाभराचं काम आहे, आणि ते केल्यावर हा सिग्नल तुम्ही पुन्हा त्याच नजरेने बघणार नाही.

दुसरी गोष्ट फार कमी जण सांगतात. सरासरी फक्त आजच्या भावाने हलत नाही, आज यादीतून जो जुना भाव बाहेर पडतो त्यानेही हलते. आजचा भाव 106 आहे, कालचाही 106 होता, आणि पन्नास सेशनपूर्वीचा 91 आज गळला. मग 50 ची रेषा 15 भागिले 50, म्हणजे 0.30 ने वर जाते. बाजारात आज काहीच घडलेलं नाही, तरी रेषा चढली. पट्ट्यातल्या बाजारात दोन रेषा वारंवार एकमेकींच्या अगदी जवळ येतात, त्यामुळे अशा दोन-चार दिवसांच्या गळतीनेही क्रॉस होऊन जातो. म्हणून क्रॉस दिसला की पन्नास सेशन मागे जाऊन बघा, आत्ता कोणते भाव यादीतून निघत आहेत. तिथे खोल खड्डा असेल तर हा क्रॉस बराचसा त्या खड्ड्याचा आहे, आजच्या खरेदीचा नाही.

खऱ्या बाजारातलं उदाहरण हवं असेल तर एस अँड पी 500 चा 2015–16 चा चार्ट उघडा. ऑगस्ट 2015 च्या अखेरीस डेथ क्रॉस आला, इंडेक्स 1990 च्या आसपास. डिसेंबरच्या उत्तरार्धात गोल्डन क्रॉस, 2000 च्या थोडं वर. जानेवारी 2016 मध्ये पुन्हा डेथ क्रॉस, 1920 च्या आसपास. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा गोल्डन, 2090 च्या जवळ. जानेवारीच्या सिग्नलने फेब्रुवारीतली घसरण वाचवली हे खरं, तेव्हा इंडेक्स 1830 पर्यंत उतरला होता. पण परत शिरताना 2090 मोजावे लागले. दोन्ही वेळा विकलेल्या भावापेक्षा वर घ्यावं लागलं.

कोर्समध्ये हा चार्ट दाखवत नाहीत. तिथे 2007 चा दाखवतात: डिसेंबरमध्ये 1480 च्या आसपास डेथ क्रॉस, आणि जून 2009 मध्ये 900 च्या आसपास गोल्डन. तो चार्टही खराच आहे, त्यामुळे घाबरून हा सिग्नल फेकून देऊ नका. लांब, एकतर्फी चालीत तो काम करतो. जो गुरू फक्त हाच चार्ट दाखवतो आणि 2015 चा लपवतो, त्याच्याकडे मात्र फी भरू नका.

मग ‘20 आणि 50 ची जोडी घे, उशीर कमी होतो’ असं कुणीतरी सांगेलच. उशीर कमी होतो, पण क्रॉसची संख्या वाढते आणि प्रत्येकावर ब्रोकरेज जातं. शिवाय, या जोडीला जी छोटी लाट नडते ती बाजारात मोठ्या लाटेपेक्षा जास्त वेळा येते. एक्स्पोनेन्शियल सरासरीचंही तेच. मागच्या डेटावर नेमकी जोडी शोधत बसणं हा तर माझ्या मते सगळ्यात वाईट शॉर्टकट. ती जोडी मागच्या लाटेच्या मापाची शिवलेली असते.

मी आता क्रॉसच्या आधी 200 ची रेषा बघतो. तिची आजची पातळी आणि वीस सेशनपूर्वीची पातळी यांत एक टक्काही फरक नसेल, आणि गेल्या काही महिन्यांत भाव तिला चार-पाच वेळा आरपार गेला असेल, तर तो बाजार पट्ट्यात आहे असं मी धरतो आणि क्रॉसवर काहीच करत नाही. एक टक्का हा माझा आकडा आहे. जास्त उसळणाऱ्या शेअरला तो वाढवावा लागेल. याची किंमतही आहे: पट्टा फोडून खरी चाल सुरू होते तेव्हाही 200 ची रेषा आधी सपाटच असते, त्यामुळे या गाळणीने सुरुवातीचा टप्पा हातचा जातो. पट्ट्याच्या वरच्या कडेच्या पलीकडे, आपल्या उदाहरणात 110 च्या वर, बंद भाव टिकायला लागले तर मी क्रॉस जुना झाला असला तरी तो मोजतो, आणि स्टॉपलॉस पुन्हा पट्ट्याच्या आत ठेवतो. डेथ क्रॉसची वाट बघत बसत नाही, कारण तो 91 ला येईल.