कादंबरीतला ‘मी’ दोन वयांचा असतो: ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ अभ्यासणाऱ्यांसाठी

सोलापुरात एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच मराठी माध्यमातून आलेले असतात, आणि प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. प्रबंधिकेसाठी किंवा सेटच्या तयारीसाठी डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) निवडली, की सांगणारा प्रौढ पिप वेगळा आणि भोगणारा लहान पिप वेगळा, हेही वर्गात पहिल्याच आठवड्यात कानावर पडते. अडचण त्यानंतर सुरू होते. हा फरक मान्य करूनही विद्यार्थी पानोपानी एकाचे शहाणपण दुसऱ्याच्या नावावर लिहितात. माझ्या प्रबंधिकेचा पहिला मसुदा याच ठिकाणी अडला होता, आणि आता विद्यार्थ्यांचे मसुदे वाचताना मला तीच गाठ पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून बाकीचे सोडून एवढ्याच गोष्टीबद्दल सविस्तर लिहिते.

सत्ताविसावे प्रकरण समोर ठेवा. पिप आता लंडनमध्ये सभ्य गृहस्थ म्हणून राहतो आहे आणि ज्याच्या भट्टीजवळ तो वाढला तो लोहार जो गार्जरी, पिपच्या बहिणीचा नवरा, त्याला भेटायला येतो आहे. भेटीची वार्ता बिडी या गावाकडच्या मैत्रिणीच्या पत्रातून येते. ती वाचून आपल्याला काय वाटले हे पिप आडपडदा न ठेवता सांगतो: आनंद झाला नाही, अस्वस्थता आली, थोडी नामुष्की वाटली, आणि पैसे देऊन जोला दूर ठेवता आले असते तर आपण ते नक्की दिले असते. पुढे जो येतो, अवघडतो, कधी ‘पिप’ तर कधी ‘सर’ म्हणतो. त्याची टोपी शेकोटीवरच्या फळीवरून पुन्हा पुन्हा पडते आणि तो ती धावत जाऊन झेलतो. मग ते वाक्य येते, ज्याचा आशय असा आहे की हा सगळा दोष माझाच होता, मी जोशी मोकळेपणाने वागलो असतो तर तोही मोकळा झाला असता, हे कळण्याइतकी समज किंवा माया तेव्हा माझ्यापाशी नव्हती.

या वाक्याखाली जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी लिहितो की येथे पिपला आपली चूक कळते. हे साफ चूक आहे, आणि गुण कापले जावेत इतकी ती मूलभूत चूक आहे. वाक्य स्वतःच सांगते की तेव्हा कळले नव्हते. कळले ते कित्येक वर्षांनी, लिहिणाऱ्याला. त्या खोलीत बसलेला तरुण फक्त चिडलेला होता, आणि लगेच पुढच्या वाक्यात प्रौढ पिप तसे सांगतोही. एका परिच्छेदात दोन माणसे बोलत असताना आपण एकच माणूस वाचला, तर डिकन्सने जे काम सर्वांत काळजीपूर्वक केले आहे तेच आपल्या हातून निसटते.

हे ओळखायचे कसे? मी दोन रंगांच्या पेन्सिली वापरते. त्या दिवशी त्या मुलाला जे दिसले, ऐकू आले, वाटले, ते निळ्याने अधोरेखित करायचे; जे फक्त मागाहून कळू शकते ते लाल रंगाने. टोपीचा प्रसंग करून पाहा. टोपीचे पडणे निळे आहे, कारण ते त्याच्या डोळ्यांसमोर घडते. पण त्या पडण्याचे जे रंगतदार, खेळकर वर्णन आहे ते लाल आहे, कारण त्या सकाळी तरुण पिपला हसू आलेले नाही. त्याला लाज वाटते आहे. आपण हसतो ते प्रौढ पिपबरोबर, आणि तरुण पिपची लाज त्या हसण्याच्या खाली तशीच राहते. पैसे देऊन टाळण्याचा विचार निळा आहे, पण तो ‘मला नेमके कबूल करू द्या’ अशा लाल चौकटीत ठेवलेला आहे. काही वाक्यांवर दोन्ही पेन्सिली थांबतील. तेथे घाबरू नका आणि ओढूनताणून रंगही देऊ नका. अशी वाक्ये वेगळी लिहून ठेवा, कारण प्रबंधिकेतले सर्वांत चांगले पान बहुधा त्यांतूनच निघते.

रंगांबद्दल शंका आली, तर पुढच्या पानावरची कृती पाहावी. हा माझा सर्वांत विश्वासाचा निकष आहे. प्रकरणाच्या शेवटी जो सांगतो की आयुष्य जोडलेल्या ताटातुटींचे बनलेले असते, कोणी लोहार असतो तर कोणी सोनार, आणि आपण भट्टीबाहेर, या कपड्यांत चुकीचेच दिसतो. पिपच्या कपाळाला हळुवार स्पर्श करून तो निघून जातो. पिप सावरताच त्याच्या मागे धावतो, आजूबाजूच्या रस्त्यांवर शोधतो, पण जो गेलेला असतो. ही धाव खरी आहे आणि ती तरुण पिपचीच आहे. तिला लाल रंग देऊन टाकणे अन्यायाचे होईल. पण अठ्ठाविसाव्या प्रकरणात तो गावी जायला निघतो. पश्चात्तापाच्या पहिल्या भरात त्याला जोकडेच उतरायचे असते, आणि मग एकेक सबब काढत तो ब्लू बोअर नावाच्या खाणावळीत उतरायचे ठरवतो. त्याला खरोखर कळले असते, तर तो भट्टीवर उतरला असता. सबबी सांगणाऱ्या या पिपला प्रौढ पिप तेथेच स्वतःला फसवणारा म्हणतो. म्हणजे सत्ताविसाव्या प्रकरणाच्या शेवटी एक उमाळा आला आणि तो टिकला नाही, हे अचूक वाचन. ‘येथे पिपचे परिवर्तन होते’ हे चुकीचे वाचन, आणि बाजारातल्या जवळजवळ सगळ्या गाईडांमध्ये तेच छापलेले असते.

गाईडांबद्दल माझे मत कडक आहे आणि ते मी सौम्य करणार नाही. कथासार तृतीयपुरुषात लिहिलेले असते: पिपला जोची लाज वाटते, नंतर त्याला पश्चात्ताप होतो. अशा सारांशात काळ एकच उरतो आणि आपल्याला जी दरी अभ्यासायची आहे, तीच सर्वांत आधी बुजते. इंग्रजी जड जाते म्हणून पूर्ण कादंबरी वाचता येत नसेल, तर एकूणसाठांपैकी पहिले, आठवे, सत्ताविसावे, अठ्ठाविसावे, एकोणचाळिसावे आणि शेवटचे प्रकरण मुळातून वाचा, शब्दकोश घेऊन, सावकाश. त्या सहा प्रकरणांवर चांगली प्रबंधिका उभी राहते; सबंध गाईडावर एक परिच्छेदही उभा राहत नाही. मार्गदर्शकाच्या बाबतीतही मी असेच म्हणेन की ‘सिद्धान्ताचे प्रकरण आधी आणा’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘एक पान आणा, आपण वाचू’ म्हणणारा निवडावा. फ्रेंच सिद्धान्तकार जेनेटने १९७२ मध्ये ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले, ते उपयोगी आहे. पण एक पान रंगवल्यानंतर ते जितके नीट समजते तितके आधी समजत नाही.

आता जे मला फार उशिरा उमगले ते. ही दरी एक नसून दोन आहेत: एक माहितीची आणि दुसरी निवाड्याची. लिहिताना प्रौढ पिपला सर्व माहीत आहे. आपल्याला मिस हॅव्हिशम या श्रीमंत बाईने नव्हे, तर लहानपणी दलदलीत भेटलेल्या मॅगविच या कैद्याने पैसा पुरवला, हे त्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तरीही एकोणचाळिसाव्या प्रकरणापर्यंत, मॅगविच रात्री जिना चढून येईपर्यंत, तो ते उघड करत नाही. घाव येणार आहे असे तो आदल्या प्रकरणाच्या शेवटी सुचवतो, पण कसला ते सांगत नाही. याउलट स्वतःच्या वागण्यावरचा निवाडा तो जागोजागी मोकळेपणाने देतो. माहिती कुलपात आणि निवाडा उघडा, अशी ही रचना आहे. जो ज्या चकचकीत खोलीत अवघडून बसतो, ती कैद्याच्या पैशावर थाटलेली आहे. हे एक वाक्य प्रौढ पिपने तेव्हा लिहिले असते, तर आपण वरून खाली पाहत त्या तरुणाला हसलो असतो. तो लिहीत नाही, म्हणून आपणही त्याच्याबरोबर मिस हॅव्हिशमवर विश्वास ठेवतो आणि घाव बसतो तो दोघांवर एकदम बसतो. कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः येत होती, तेव्हा उत्कंठा राखणे हे कारण आहेच. पण तेवढेच कारण मानून थांबू नका. ‘प्रौढ निवेदकाला जास्त कळते’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी अर्ध्या वाटेवर आहे. त्याला जास्त कळते त्यातले तो काय देतो आणि काय राखून ठेवतो, येथून खरे विवेचन सुरू होते.

प्रौढ पिपचा निवाडा अंतिम मानण्याचेही कारण नाही. तो स्वतःवर फार कठोर आहे आणि जोवर फार मृदू. बहिणीचा मार खात वाढलेल्या, मिस हॅव्हिशमच्या सॅटिस हाउसमध्ये खरखरीत हातांवरून हिणवलेल्या मुलाला लाज शिकवली गेली होती. आणि जो त्या घरात असूनही त्याला फारसे वाचवू शकला नव्हता. हे सगळे तपशील तोच देतो, पण दोष वाटताना मोजत नाही. तेथे वाचकाला निवेदकाशी असहमत होण्याचा अधिकार आहे, पुराव्यासह.

मराठी वाचकांनी शेजारी ‘कोसला’ (१९६३) ठेवून पाहावी. पांडुरंग सांगवीकर पंचविसाव्या वर्षी आपली हकिगत सांगतो, म्हणजे भोगलेले आणि सांगितलेले यांत अंतर थोडेच. निवाडा द्यायला उभे राहण्यासाठी लागणारी स्थिर जागा त्याच्यापाशी नाही. पिपवर घडवलेले निकष तेथे जसेच्या तसे लावू नयेत.

पिपच्या बाबतीत मात्र अंतर मोजता येते. मॅगविच परत येतो तेव्हा तो तेवीस वर्षांचा आहे, आणि पुढे अकरा वर्षे देशाबाहेर राहून तो जोला भेटायला येतो. म्हणजे लिहिणारा निदान पस्तिशीच्या आसपासचा आहे. त्याहून किती मोठा, हे कादंबरी सांगत नाही. हा हिशेब शेवटच्या पानावर उपयोगी पडतो. बुल्वर-लिटन या मित्राच्या सल्ल्यावरून डिकन्सने शेवट बदलला, आणि पिप आणि त्याचे जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला एकत्र आले की नाही यावर तेव्हापासून वाद आहे. नव्या शेवटात पिप लिहितो की तिच्यापासून पुन्हा ताटातूट होण्याची सावली मला दिसली नाही. क्रियापद भूतकाळी आहे: दिसली नाही, ती त्या संध्याकाळी बागेत उभ्या असलेल्या पिपला. लिहिणाऱ्या पिपला पुढे काय झाले ते माहीत असले पाहिजे, आणि तो ते सांगत नाही. आधी मॅगविचचे नाव जसे राखले होते, तसेच. या वाक्याला मी निळा रंग देते. तुमच्या परीक्षकाला लाल योग्य वाटेल, तर त्याला विचारा की प्रौढ पिपने येथे वर्तमानकाळ का वापरला नाही.