वाळूच्या ढिगाचे माप: डंपरमधले तीन ब्रास जमिनीवर किती भरतात?

बांधकामावर नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्याकडे पहिल्या काही आठवड्यांत जी कामे येतात, त्यांत आलेल्या वाळूचे माप घेणे हे हमखास असते. जळगाव, पाचोरा, भडगाव या पट्ट्यातील कामांवर गिरणेची वाळू डंपरने येते, चलनावर ‘३ ब्रास’ असे लिहिलेले असते आणि माल उतरला की गाडी निघून जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. गाडी उभी असतानाच हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची उंची मोजून घेता आली तर उत्तमच. परंतु गाड्या बहुधा पहाटे किंवा रात्री येतात, त्यामुळे पडताळणी प्रत्यक्षात ढिगावरच करावी लागते.

उतरलेला ढीग तसाच मोजता येत नाही. त्याला आधी आकार द्यावा लागतो: माथा सपाट आयताकृती, तळ आयताकृती आणि चारही बाजूंना सारखा उतार, म्हणजे साधारण शिखर कापलेल्या पिरॅमिडसारखा. दहावीच्या भूमितीत शंकुछेद शिकलेल्यांना हा आकार परकाच वाटणार नाही. ढीग शक्यतो कोब्यावर किंवा मुरूम टाकून दाबलेल्या जागेवर रचून घ्यावा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत वाळू उतरते आणि खालची वाळू मातीत मिसळून वायाही जाते. माथ्यावर लाईनदोरी ताणून पाहिली की मध्ये खळगा राहिला आहे की फुगवटा, हे लगेच दिसते. खळगा राहिला असेल तर तो भरून घेतल्याशिवाय टेप लावू नये.

आता एक प्रत्यक्ष ढीग घेऊ. तळ १८ फूट × १२ फूट, माथा १२ फूट × ६ फूट, उंची २ फूट. मोजण्यापूर्वीच एक पडताळा करावा: तळ आणि माथा यांच्या लांबीतील फरक ६ फूट, रुंदीतील फरकही ६ फूट, म्हणजे प्रत्येक बाजूला उतार ३ फूट पसरला आहे आणि उंची २ फूट आहे. दीडास एक हा उतार मोकळ्या वाळूच्या नैसर्गिक उताराच्या जवळचा आहे. लांबीच्या बाजूने हा पसारा ३ फूट आणि रुंदीच्या बाजूने साडेचार फूट आला असता, तर कोठेतरी वाळू विखुरली आहे किंवा टेप चुकीच्या जागी धरला गेला आहे, असे समजावे.

घनफळासाठी साइटवर दोन सोप्या रीती रूढ आहेत आणि दोन्ही चुकतात. तळाचे क्षेत्रफळ २१६ आणि माथ्याचे ७२ चौरस फूट. यांची सरासरी काढून उंचीने गुणल्यास २८८ घनफूट येतात. याउलट सरासरी लांबी १५ आणि सरासरी रुंदी ९ धरून उंचीने गुणल्यास २७० येतात. पुरवठादार पहिली रीत पसंत करतो आणि मालकाचा मुनीम दुसरी, हे ओघाने आलेच. अचूक रीत अशी:

```
V = h/6 × (A1 + A2 + 4 × Am)
```

येथे V म्हणजे घनफळ, h म्हणजे उंची, आणि A1 तळाचे, A2 माथ्याचे आणि Am बरोबर मध्यावरील आडव्या छेदाचे क्षेत्रफळ. मध्यावरचा छेद १५ × ९ म्हणजे १३५ चौरस फूट. कंसातील बेरीज २१६ + ७२ + ५४० = ८२८; तिला २/६ ने गुणल्यास २७६ घनफूट, म्हणजे २.७६ ब्रास. पाठ्यपुस्तकातील वर्गमुळाचे सूत्र, म्हणजे h/3 × (A1 + A2 + √(A1 × A2)), वापरले तर २७५ च्या आसपास उत्तर येते, कारण ते सूत्र माथा आणि तळ एकमेकांशी समरूप असतील तरच तंतोतंत लागू पडते. येथे तसे ते नाहीत. फरक किरकोळ असला तरी मधल्या छेदाचे सूत्र वापरण्याची सवय लावलेली बरी.

चलनावर ३०० घनफूट आणि ढिगात २७६, म्हणजे ८ टक्के तूट. येथे लगेच फोन उचलण्याचा मोह होतो. परंतु आधी आपल्या मापात किती ढिलाई आहे ते तपासावे. उंची २४ इंच आहे आणि घनफळ उंचीच्या सरळ प्रमाणात बदलते. त्यामुळे उंची मोजताना केवळ २ इंच इकडेतिकडे झाले तरी २३ घनफूट जातात किंवा येतात, म्हणजे जवळजवळ सगळी तूट. जमीन एका अंगाला उतरती असेल तर ही चूक सहज होते. म्हणून खुणा केलेली सळई माथ्याच्या मध्यभागी आणि चार कोपऱ्यांजवळ जमिनीला टेकेपर्यंत खुपसून पाच उंच्या घ्याव्यात आणि त्यांची सरासरी धरावी. माथा समपातळीत आहे का, हे लेव्हल पाईपने पाहता येते.

तळाच्या कडेचेही तसेच आहे. ढिगाच्या पायथ्याशी वाळूचा बोटभर जाडीचा थर पसरलेला असतो आणि टेप त्याच्या टोकापर्यंत नेला जातो. प्रत्येक बाजूला असे सहा इंच जास्त धरले तर तळ १९ × १३ होतो आणि त्याच सूत्राने उत्तर ३०३ घनफूट येते. तूट कागदावरून नाहीशी होते. फावड्याने पायथा उतारात ओढून घ्यावा आणि फक्कीने रेघ आखूनच मोजावे.

या ढिगावर उंची आणि पायथा दोन्ही नीट तपासल्यानंतरही आकडा २७६ च राहिला. त्यावर पुरवठादाराचे म्हणणे होते, “साहेब, गाडीत तीन ब्रास भरूनच निघाली होती, दोन दिवस ऊन लागलं, वाळू बसली.” हे ऐकून हसण्याचा प्रघात आहे, पण यात तथ्य असू शकते. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. बारीक वाळू जास्त, जाडी कमी. पूर्ण कोरडी आणि पूर्ण भिजलेली वाळू मात्र जवळजवळ सारखीच जागा व्यापते. याच गुणधर्मावर फुगवट्याची साधी चाचणी आधारलेली आहे: सरळ काचेच्या भांड्यात वाळू न दाबता भरून उंची घ्यावी, ती बाहेर काढावी, भांडे अर्धे पाण्याने भरावे, वाळू परत टाकून सळईने ढवळावी आणि बसलेल्या वाळूची उंची पुन्हा मोजावी.

सुदैवाने गाडी आली त्या सकाळीच नमुना तपासलेला होता. तेव्हा १८ सेंटीमीटर वाळू भिजल्यावर १५ वर आली होती, म्हणजे भिजलेल्या उंचीच्या तुलनेत फुगवटा २० टक्के. ढीग मोजला त्या दिवशी ढिगाच्या पोटातून आणि वरून काढून मिसळलेला नमुना १८ वरून १६ वर आला, म्हणजे १२.५ टक्के. आता २७६ ला १.१२५ ने भागल्यास २४५ घनफूट कोरडी वाळू येते आणि तिला १.२ ने गुणल्यास गाडी आली त्या वेळचे माप २९४ घनफूट निघते. तीनशेच्या तुलनेत सहा घनफुटांची ही तूट आपल्या मापाच्या ढिलाईतच बसते. म्हणजे पुरवठादाराने गाडी जवळजवळ पूर्ण भरली होती. मालकाला मात्र तीन ब्रासच्या पैशांत कोरडी वाळू अडीच ब्रासहूनही थोडी कमीच मिळाली, आणि हेही तितकेच खरे.

ही तफावत त्या गाडीवर भांडून सुटणारी नव्हती, कारण मोजणी ओल्या मापाची की कोरड्या मापाची, हे दर ठरवताना कोणीच लिहून ठेवले नव्हते. पुढच्या खरेदीपासून आम्ही दरपत्रकात ‘फुगवटा वजा करून’ असे शब्द घातले. मोजणी-वहीत ढिगाच्या मापांशेजारी गाडी आली तेव्हाचे आणि मोजणीच्या वेळचे असे फुगवट्याचे दोन आकडे लिहून त्याखाली पुरवठादाराच्या माणसाची सही घेऊ लागलो. सकाळचा नमुना घेतलेला नसेल, तर दोन-तीन दिवसांनी मोजलेल्या ढिगावरून तुटीचा दावा करू नये. अशा वेळी फक्त ढिगाच्या नमुन्याचा फुगवटा काढून कोरडे माप वहीत नोंदवावे आणि त्यापुढे ‘आवकेच्या वेळचा नमुना नाही’ असा शेरा मारावा.