गाण्याची एकच ओळ आठवते? मग ते असं शोधा

मराठी भावगीत बहुधा त्याच्या पहिल्या ओळीनेच ओळखलं जातं. आपल्याला मात्र आठवते ती मधली किंवा कडव्याच्या शेवटची ओळ. यूट्यूबवर मुख्यतः व्हिडिओचं नाव आणि वर्णन जुळवलं जातं, त्यामुळे तिथे ती ओळ टाकून बरेचदा काही हाती लागत नाही. आधी गूगलवर गाण्याचा मुखडा शोधा, यूट्यूबकडे नंतर वळा.

समजा, ‘तू अशी जवळ राहा’ एवढंच आठवतंय.

पहिल्यांदा ओळ अवतरणचिन्हांशिवाय टाका आणि पुढे ‘गीत’ हा शब्द जोडा. अवतरणचिन्हं घातली की गूगल तेच शब्द त्याच क्रमाने शोधतं. एक अक्षर चुकलं तरी खरं गाणं निसटतं, म्हणून ती घाई नको.

काहीच सापडलं नाही तर ओळ चालीवर म्हणून पाहा. इथेच बहुतेक वेळा चूक पकडली जाते. ‘जवळ राहा’ म्हणताना चाल अडखळते, कारण आपण बोलीतला शब्द लक्षात ठेवलेला असतो आणि कवीने वृत्तासाठी वेगळं रूप वापरलेलं असतं. ‘जवळी रहा’ म्हटलं की ओळ चपखल बसते. ‘पाण्यातून’चं ‘पाण्यातुनी’, ‘मिसळून’चं ‘मिसळुनी’ अशी रूपं जुन्या गीतांत जागोजागी भेटतात. ऱ्हस्व-दीर्घही बदलून पाहा.

ओळ चालीत बसली की मग अवतरणचिन्हं घाला. एखाद्या शब्दाबद्दल शंका असेल तर त्याच्या जागी फुली ठेवा:

```
"तू अशी जवळी रहा"
"तू * जवळी रहा"
site:aathavanitli-gani.com जवळी रहा
```

तिसरा शोध ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळापुरता आहे. तिथे पूर्ण शब्दांसोबत गीतकार, संगीतकार आणि गायकही दिलेले असतात. या ओळीचं गाणं निघतं ‘शुक्रतारा मंद वारा’: शब्द मंगेश पाडगांवकरांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे.

आता यूट्यूबवर मुखडा रोमन लिपीत टाका, कारण पुष्कळ जण व्हिडिओची नावं तशीच लिहितात. ‘व’साठी v आणि w दोन्ही वापरून बघा: vara, wara. मूळ ध्वनिमुद्रण हवं असेल तर गायकांची नावंही जोडा, नाहीतर इतरांनी गायलेल्या आवृत्त्याच पुढे येतात.

लोकगीतांत ही पद्धत कमी पडते. गावागणिक शब्द बदलतात आणि कित्येक गाणी कुणी टाइप केलेलीच नसतात. शब्द पुसट पण चाल पक्की असेल, तर गूगल अॅपमध्ये माइकवर टिचकी मारून गाणं शोधण्याचा पर्याय निवडा आणि 10 ते 15 सेकंद गुणगुणा.