कोशिंबिरीला पाणी सुटतं? या चुका टाळा

सकाळी नऊला कालवून ठेवलेली काकडीची कोशिंबीर दुपारी एकला वाढायला घ्यावी, तर वर पाणी आणि खाली काकडीचा चोथा. बोल दह्याला लागतो, पण पाणी बहुतेक काकडीचं असतं. काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते बाहेर येतं. म्हणून काकडीला मीठ दह्यात पडण्याआधीच लावायचं.

दहा-बारा माणसांसाठी एक किलो काकडी घ्या. टोक चाखून कडू नाही ना ते बघा, सालं काढा, उभी चिरून जून बियांचा गर चमच्याने खरवडून टाका. मग चोचवा. किसणीवर केलं तर पाणी जास्त सुटतं आणि पिळल्यावर लगदा होतो. चहाचे दोन सपाट चमचे मीठ चोळून काकडी चाळणीत वीस मिनिटं ठेवा. पाच मिनिटांत घाईने पिळणं ही नेहमीची चूक, कारण तेव्हा पाणी अजून आतच असतं. मूठमूठ घेऊन घट्ट पिळा. कपभर पाणी सहज निघतं. ते खारट असतं, थालीपिठाचं पीठ भिजवायला छान, फक्त पिठात वेगळं मीठ घालू नका.

दह्यातही मीठ लगेच नको. पिळलेल्या काकडीत बरंच मीठ उरतं, म्हणून कालवून चाखायचं आणि मगच ठरवायचं. साखरही मिठासारखीच पाणी ओढते, तीही शेवटी.

दही पाऊण किलो, फडक्यात तासभर टांगलेलं. रवीने घुसळू नका, चमच्याने नुसतं मोडा.

काकडी आणि दही फ्रिजमध्ये वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि पानं घेताना कालवा. असं ठेवलेलं संध्याकाळपर्यंत चांगलं राहतं. दाण्याचं कूट आणि फोडणीही तेव्हाच. कूट आधी घातलं तर ते फुगतं आणि कोशिंबीर गिच्च होते.

बाकीच्या भाज्यांना एकच नियम लावू नका. टोमॅटोचा बियांचा गर काढून फोडी वाढताना घाला. कांदा मीठ लावून, पिळून ठेवण्यात अर्थ नाही. दह्यात तो तासाभरात उग्र होतो, म्हणून ऐनवेळी चिरा. गाजराला फारसं पाणी सुटत नाही. दुधी मात्र किसून वाफवा आणि पूर्ण गार झाल्यावर पिळा, गरम दुधी दह्यात गेला की दही फाटतं.

आणि पाणी सुटलंच तर? ढवळू नका. भांडं तिरकं करून वरचं पाणी ओतून टाका आणि दोन-तीन चमचे चक्का मिसळा. ओतलेल्या पाण्याबरोबर मीठही जातं, तेव्हा पुन्हा चाखून बघा.