धडा सोपा करताना होणाऱ्या चुका: विज्ञान आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक कच्च्या वाचकाला का अडतं

सहावी ते आठवीच्या वर्गात असं एखादं मूल हमखास सापडतं, ज्याला गोष्टीचा धडा वाचता येतो पण विज्ञानाचा परिच्छेद डोक्यावरून जातो. मग 'शब्द अवघड आहेत' असं म्हणून शिक्षक किंवा पालक धडा सोपा करायला बसतात. बहुतेक चुका या पायरीवर होतात.

चूक पहिली: अडचण कुठली आहे हे न तपासता सोपं करणं

आधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. धड्यातला एक परिच्छेद मुलाला स्वतः वाचू द्या आणि त्यावर दोन प्रश्न विचारा. मग तशाच अवघडपणाचा दुसरा परिच्छेद तुम्ही नेहमीच्या वेगाने मोठ्याने वाचून दाखवा आणि पुन्हा दोन प्रश्न विचारा. वाचून कळलं नाही पण ऐकून कळलं, तर अडचण अक्षरवाचनाची आहे. अशा मुलाला दुसरीच्या पातळीचा साधा उतारा न अडखळता वाचता येतो का, तेही पाहा. तिथेच अडत असेल तर धडा कितीही सोपा लिहिला तरी फरक पडणार नाही, त्याला रोजचा वाचनाचा सराव हवा. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण भाषेची किंवा विषयाच्या पूर्वज्ञानाची आहे. पुढचं सगळं या दुसऱ्या मुलासाठी आहे.

चूक दुसरी: सगळा दोष पारिभाषिक शब्दाला देणं

पाठ्यपुस्तकी वळणाचं हे वाक्य पाहा:

'जमिनीतून मुळांद्वारे शोषल्या गेलेल्या पाण्याचे पर्णरंध्रांमधून बाष्परूपात होणारे उत्सर्जन म्हणजे बाष्पोत्सर्जन होय.'

'बाष्पोत्सर्जन' शब्द नजरेत भरतो म्हणून तो काढून 'पानातून पाणी उडून जाणे' असं लिहिलं जातं. पण मूल अडतं ते त्याच्या आधी. पाणी शोषलं जातं, त्याची वाफ होते, ती बाहेर पडते, अशा तीन घटना या वाक्यात आहेत आणि एकीलाही स्वतःचं क्रियापद मिळालेलं नाही. शोषणं 'शोषल्या गेलेल्या'मध्ये दडलंय, वाफ होणं 'बाष्परूपात'मध्ये आणि बाहेर पडणं 'उत्सर्जन' या नामात. वाक्याचं क्रियापद काय, तर 'होय'. तरबेज वाचक हे सगळं मनात धरून शेवटापर्यंत जातो. कच्चा वाचक एकेका शब्दावर थांबतो, आणि 'होय'पर्यंत पोचेतो 'पाण्याचे' हे कशाशी जोडायचं ते विसरलेला असतो.

आता मोकळं केलेलं रूप:

'झाडाची मुळं जमिनीतून पाणी शोषतात. ते पाणी खोडातून पानांपर्यंत जातं. पानांना अगदी बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. पानात आलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती या छिद्रांतून बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात.'

पारिभाषिक शब्द दोन्ही राहिले, कारण परीक्षेत आणि पुढच्या इयत्तेत तेच भेटणार आहेत. बदललं इतकंच की प्रत्येक घटनेला क्रियापद मिळालं, घटना घडतात त्या क्रमाने आल्या आणि नाव सगळ्यात शेवटी आलं. आधी गोष्ट कळावी आणि मग तिचं नाव, हा क्रम पाठ्यपुस्तकं सर्रास उलटा करतात.

चूक तिसरी: वाक्यं तोडताना जोडशब्द उडवणं

'लहान वाक्यं लिहा' हा सल्ला अर्धवट पाळला की असं होतं: 'पानांतून वाफ बाहेर पडते. खोडातल्या पाण्यावर ओढ बसते. मुळं पाणी शोषतात.' तिन्ही वाक्यं सोपी आहेत, पण कशामुळे काय होतं तेच गायब. ज्याला विषय माहीत आहे तो मधली जागा स्वतः भरतो, कच्च्या वाचकाला ती भरता येत नाही. त्याला ही तीन सुटी विधानं वाटतात आणि तो ती तशीच पाठ करतो. 'वाफ बाहेर पडते, त्यामुळे खोडातल्या पाण्यावर वरच्या बाजूला ओढ बसते आणि म्हणून मुळांकडून नवं पाणी वर येतं' हे वाक्य लांब असूनही जास्त सोपं आहे. 'त्यामुळे', 'कारण', 'तरीही', 'त्याआधी' हे शब्द सोपेपणाच्या नावाखाली कधीही कापू नयेत.

इंग्रजीतली वाचनसुलभतेची सूत्रं मराठीला लावू नयेत, याचंही कारण इथे दिसतं. फ्लेशचं १९४८ चं सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारखंड मोजतं. वरची व्याख्या फक्त १२ शब्दांची आहे, म्हणजे वाक्याच्या लांबीवर ती बिनबोभाट पास होईल. शिवाय मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे 'पर्णरंध्रांमधून' हा एकच शब्द मोजला जातो.

चूक चौथी: नागरिकशास्त्रात कर्ता गाळणं

'१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीद्वारे पंचायत राज संस्थांना घटनात्मक दर्जा प्राप्त होऊन सत्तेच्या विकेंद्रीकरणास चालना मिळाली.' यात माणूस कुठेच नाही. दर्जा कुणी दिला, त्याआधी काय होतं, चालना मिळाली म्हणजे गावात काय बदललं, याचा पत्ता नाही. इथे वाक्य नुसतं तोडून भागत नाही, गाळलेली माहिती परत आणावी लागते:

'पंचायती पूर्वीही होत्या. पण त्यांच्या निवडणुका वेळेवर घ्यायचं बंधन राज्यघटनेत नव्हतं, त्यामुळे अनेक राज्यांत त्या वर्षानुवर्षं लांबत. म्हणून १९९२ मध्ये संसदेने राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती केली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. आता पंचायतीची मुदत ५ वर्षांची ठरली आणि किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणं बंधनकारक झालं.' (निवडणुका आजही लांबतात, हा वेगळा विषय.)

मजकूर दुप्पट-तिप्पट होतो, आणि तो व्हायलाच हवा. पानं वाचवण्यासाठी आटवलेलं वाक्य जाणकाराला संक्षेप वाटतं, मुलाला ते कोडं असतं. सगळा धडा असा लिहिणं शक्य नसेल तर दर धड्यात नेमके तीन-चार परिच्छेद निवडा, ज्यांवर पुढचा भाग उभा आहे.

चूक पाचवी: 'समजलं का?' विचारून पुढे जाणं

व्याख्या घडाघडा म्हणता येणं हीसुद्धा खूण नाही. पुस्तकातल्याच शब्दांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मूल तोच शब्द शोधून उतरवून काढतं. त्याऐवजी 'पाणी आधी कुठे होतं आणि शेवटी कुठे गेलं?' असं विचारा.

मजकूरच तपासायचा असेल तर विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली रिकाम्या जागांची पद्धत कामी येते. साधारण २५० शब्दांचा उतारा घ्या, पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवा आणि मधला दर पाचवा शब्द गाळा. पाचवा म्हणजे पाचवाच, सोयीचा शब्द निवडायचा नाही. इंग्रजी उताऱ्यांसाठी ठरलेले गुणांचे टप्पे मराठीला लावू नका. मूळ आणि मोकळा केलेला मजकूर सम-विषम हजेरी क्रमांकांप्रमाणे वाटा आणि दोन्ही गटांची तुलना करा. 'पाण्याचे'च्या जागी 'पाण्याची' लिहिलं तर मान्य करा, कारण इथे शुद्धलेखन तपासायचं नाहीये.

गुणांपेक्षा कुठल्या जागा रिकाम्या राहिल्या ते जास्त सांगून जातं. पारिभाषिक शब्दांच्या जागा कोऱ्या असतील तर संकल्पना आधी प्रयोगातून किंवा चित्रातून द्यायला हवी. 'गेलेल्या', 'होणारे', 'त्यामुळे' अशा साध्या शब्दांच्या जागा चुकत असतील तर वाक्यरचनेने मुलाला गाठलंय, आणि तो परिच्छेद क्रियापदांच्या दिशेने पुन्हा लिहायला घ्यावा.